पहिल्या भागाचे ध्वनिमुद्रण ते प्रसारण

साताऱ्यातील आपल्या वाचनालयाच्या पॉडकास्टचा पहिला भाग आता तुमच्याकडे सोपवला आहे, आणि त्यात एसटीच्या एका निवृत्त वाहकांशी सुमारे वीस मिनिटांच्या गप्पा व्हायच्या आहेत. त्यासाठी नवा मायक्रोफोन विकत घेण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आवाज चांगला येतो तो मुख्यतः खोलीमुळे, आणि खोलीत शिरलेला घुमारा नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने पुरता निघत नाही.

म्हणून आधी खोली निवडा. मध्यभागी उभे राहून एक जोरदार टाळी वाजवा. टाळीनंतर आवाज रेंगाळला, तर ती खोली सोडा. गादी, कपड्यांचे कपाट, जाड पडदे असलेली झोपण्याची खोली बहुधा उत्तम ठरते आणि समोरच्या उघड्या भिंतीवर एखादी गोधडी टांगली की आणखी फरक पडतो. पंखा बंद ठेवावा लागेल, त्यामुळे दुपारच्या उकाड्यापेक्षा सकाळची वेळ धरा, आणि शेजारच्या स्वयंपाकघरात कुकर लागणार नाही याची घरच्यांना आधीच विनंती करा.

तुमच्यासमोर एक आणि पाहुण्यांसमोर एक, असे दोन फोन विमान मोडवर टाकून तोंडापासून वीतभर अंतरावर, पण थोडे बाजूला ठेवा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ उच्चारताना हवेचा फटकारा थेट बसणार नाही. फोन टेबलावर नुसता न ठेवता घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये WAV हा पर्याय मिळाल्यास तोच निवडा. दोन्हीकडे ध्वनिमुद्रण सुरू झाल्यावर एक टाळी वाजवा, कारण पुढे दोन्ही फाइली त्या टाळीवरूनच जुळवायच्या आहेत. त्यानंतर अर्धा मिनिट सर्वांनी अगदी गप्प बसा, म्हणजे रिकाम्या खोलीचा आवाज हाती राहील. ही मुलाखत इंटरनेटवर कोणालाही ऐकता येईल, हे पाहुण्यांना नीट समजावून सांगा आणि त्यांची संमती त्यांच्याच आवाजात नोंदवून घ्या.

संपादनासाठी Audacity हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. मूळ फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवा, मग काहीही न कापता सर्व मुलाखत एकदा ऐका आणि वगळायच्या जागांच्या वेळा वहीत लिहा. पाल्हाळ, पुनरुक्ती, मध्येच वाजलेली दाराची घंटा हे सगळे काढा. पण घाटातली एखादी रात्र आठवताना वाहककाका क्षणभर थांबले असतील, तर तो विराम कृपया राहू द्या, कारण माणूस आठवतो आहे हे श्रोत्याला त्यातूनच कळते. प्रत्येक ‘म्हणजे’ आणि ‘अं’ छाटत बसल्यास बोलणे यांत्रिक होते.

यानंतर शांततेचा तो अर्धा मिनिट निवडून Noise Reduction मध्ये नमुना घ्या आणि प्रमाण 6 ते 12 डेसिबलच्या आत ठेवा, कारण त्यापुढे आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटू लागतो. दोन्ही आवाज सारख्या पातळीवर आणून एका ट्रॅकवर मोनोमध्ये एकत्र करा आणि शेवटी Loudness Normalization ने एकूण पातळी -19 LUFS करा; LUFS हे कानाला जाणवणाऱ्या आवाजाच्या मोठेपणाचे माप आहे. निर्यात 96 kbps MP3 मध्ये केली, तर वीस मिनिटांची फाइल साधारण 14 एमबीची होते, जी मोबाइल डेटावर ऐकणाऱ्यालाही परवडते.

सुरुवातीला जुने चित्रपटगीत लावण्याचा मोह होईल, परंतु काही सेकंदच वाजवले तर चालते हा समज चुकीचा आहे. मुक्त परवान्याचे संगीत घ्या, किंवा आपल्यातल्या कोणाकडून पेटीवर स्वतःची धून वाजवून घ्या.

मुखचित्र चौरस, 3000 बाय 3000 पिक्सेलचे आणि JPEG किंवा PNG असावे. नाव मोबाइलच्या छोट्या पडद्यावरही वाचता आले पाहिजे. Spotify for Creators वर वाचनालयाच्या ई-मेलने मोफत खाते उघडा, भाषा मराठी निवडा आणि फाइल चढवा. शीर्षकात ‘भाग 1’ एवढेच न लिहिता विषय लिहा, आणि वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत पाहुणे कोण आणि कशाबद्दल बोलतात ते सांगा. तिथे मिळणारा RSS पत्ता, म्हणजे पॉडकास्टच्या सर्व भागांच्या यादीचा दुवा, Apple Podcasts Connect मध्ये एकदाच नोंदवावा लागतो. Apple कडील तपासणीला वेळ लागू शकतो, म्हणून जाहीर तारखेच्या आठवडाभर आधी हे काम उरका.

प्रसारणापूर्वी अंतिम फाइल इअरफोनवर आणि फोनच्या स्पीकरवर, अशी दोन्हीकडे पूर्ण ऐका, आणि पाहुण्यांनाही ऐकवा. प्रसारणानंतर एखादी चूक सापडली, तर भाग पुसून नव्याने टाकू नका. त्याच नोंदीतील ध्वनिफाइल बदला, म्हणजे ज्यांना दुवा आधीच पाठवला आहे त्यांच्याकडे तो चालू राहील.