फेरतपासणीच्या अर्जाला उत्तर : आपत्ती व्यवस्थापन, प्रश्न ४

प्रिय विद्यार्थिनी,

तुझा अर्ज सोमवारी मिळाला. प्रश्न ४ मी पुन्हा तपासला, आणि विभागातल्या दुसऱ्या शिक्षिकांनी माझे गुण न बघता स्वतंत्रपणे तपासला. तुझे गुण १० पैकी ५ वरून ६ होत आहेत.

‘तीन पानं लिहूनही निम्मेच गुण का?’ असं तू विचारलं आहेस. प्रश्न होता, पानशेतच्या पुराची कारणं, परिणाम आणि उपाय. गुणांची वाटणी माहितीला २, कारणांना ४, परिणामांना २, उपायांना २ अशी होती. पानांना गुण नव्हते.

परिणामांचे दोन्ही गुण तुला पहिल्यांदाच मिळाले होते. आजीने सांगितलेली नदीकाठच्या पेठांची हकिकत तू ज्या नेमकेपणाने लिहिलीस, ती वाचून मी क्षणभर थांबलो. माहितीत १२ जुलै १९६१ ही तारीख बरोबर आहे. पण पानशेत धरण तू मुठेवर दाखवलंस. ते मुठेला मिळणाऱ्या आंबी नदीवर आहे, म्हणून तिथे एक गुण गेला.

खरं नुकसान कारणांत झालं. ‘पाऊस फार झाला म्हणून धरण फुटलं’ एवढंच तू दीड पानभर वेगवेगळ्या शब्दांत लिहिलंस. पण पाऊस दरवर्षी येतो. तेव्हा हेच धरण का फुटलं, हे चार गुण त्याचे होते. बांधकाम पूर्ण झालेलं नसताना पाणी अडवलं गेलं. धरणातलं पाणी बाहेर सोडणाऱ्या विमोचकाचं काम अर्धवट होतं, त्यातून जोराने वाहणाऱ्या पाण्याने हादरे बसले, वरचा मातीचा भराव खचत गेला आणि खचलेल्या भागावरून पाणी उलटलं. तो लोंढा खाली खडकवासल्यावर आला आणि तेही धरण फुटलं. या साखळीतल्या प्रत्येक दुव्याला एक गुण होता. खडकवासल्याचा दुवा तू लिहिला होतास, त्याचा एक मिळाला होता.

वाढलेला गुण तुझ्या आकृतीतला आहे. कोपऱ्यात बारीक अक्षरात तू ‘दारं बसवली नव्हती’ असं लिहिलं आहेस. विमोचकाचा दुवा तोच. माझ्या नजरेतून तो सुटला, ही चूक माझी.

उपायांत मात्र बदल नाही. धोक्याचा इशारा वेळेत देण्याचा मुद्दा नेमका होता, त्याचा एक गुण आहेच. वृक्षलागवड चांगलीच, पण अपूर्ण विमोचकावर तो उपाय नव्हे. बांधकाम सुरू असताना पाणी किती अडवायचं, याबद्दल एक वाक्य हवं होतं.

एकूण गुण ५० पैकी ३१ ऐवजी ३२ झाले आहेत. सुधारित नोंद आजच परीक्षा विभागाकडे दिली. गुरुवारी दुपारी २ ते ४ मी विभागात आहे. ये, उत्तरपत्रिका समोर ठेवून बोलू. आकृतीतली ती ओळ उत्तरात कुठे बसली असती, ते तूच मला दाखव.

तुझे सर,
पर्यावरण अभ्यास विभाग, पुणे