लिपिकपदाचा राजीनामा

दि. 3 नोव्हेंबर 2025

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
राजारामपुरी शाखा, कोल्हापूर

विषय : कौटुंबिक कारणास्तव राजीनामा

महोदय,

मी 2014 पासून आपल्या बँकेत लिपिक असून सध्या सोने तारण विभागात काम पाहते. माझ्या आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी न्यावे लागते. वडिलांच्या पश्चात ती नागपुरात एकटीच आहे आणि मी एकुलती एक. त्यामुळे आम्ही सहकुटुंब तिकडे राहायला जात आहोत. नागपुरात आपली शाखा नसल्याने बदलीचा प्रश्नच येत नाही. नाइलाजाने हा राजीनामा सादर करीत आहे.

सेवानियमांनुसार एक महिन्याची नोटीस देत असून मंगळवार, दि. 2 डिसेंबर 2025 रोजी मला कार्यमुक्त करावे, ही विनंती. तत्पूर्वी तारण दागिन्यांची सीलबंद पाकिटे नोंदवहीशी एकेक ताडून, संबंधित अधिकाऱ्यांच्या समक्ष माझ्या जागी येणाऱ्या सहकाऱ्याच्या ताब्यात देईन. हे काम घाईत करण्यासारखे नाही. म्हणून ती नेमणूक 20 नोव्हेंबरपर्यंत व्हावी, असे सुचवते. पिग्मी एजंटांच्या भरण्याचा रोजचा ताळमेळही त्यांना समजावून देईन.

माझ्या पगारतारण कर्जाची बाकी अंतिम देय रकमेतून वळती करून घ्यावी. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी व शिल्लक रजेचा हिशोब, तसेच अनुभव प्रमाणपत्र मिळावे.

काउंटरवरचे काम मी याच शाखेत शिकले. आपण आणि सहकाऱ्यांनी, विशेषतः आईच्या आजारपणात रजेच्या वेळी, जे सांभाळून घेतले त्याबद्दल मनापासून आभारी आहे.

आपली विश्वासू,
मेघना पाटील
लिपिक, सोने तारण विभाग