पेटीवर्ग, शहापूर : नोव्हेंबर २०२५ चे वेळापत्रक (बदलांपुढे 🔴)

सर्व विद्यार्थी व पालकांस नमस्कार. नेहमीपेक्षा जे वेगळे आहे, तेवढ्यापुढेच 🔴 ही खूण घातली आहे. सवड नसल्यास केवळ लाल खुणा वाचल्या तरी चालेल. मागच्या महिन्यातला पिन केलेला संदेश काढून टाकला आहे, तेव्हा त्याचा जुना स्क्रीनशॉट कृपया कोणी पुढे पाठवू नये.

*नेहमीच्या वेळा*
प्रारंभिक : मंगळवार व गुरुवार, सायं. ६ ते ७
प्रवेशिका : गुरुवार व शनिवार, सायं. ७ ते ८
तबल्यासह सराव : रविवार, सकाळी ८ ते ९.३० (सर्वांसाठी)

*बदल*
🔴 शनि. १ : वर्ग नाही. राज्योत्सवाच्या मिरवणुकीमुळे शहरातील रस्ते रात्री उशिरापर्यंत मोकळे होत नाहीत आणि खानापूरहून येणाऱ्या मुलांना परतणे अवघड जाते. हा वर्ग शुक्र. ७ रोजी सायं. ७ वाजता भरून काढला जाईल.

🔴 रवि. २ : कार्तिकी एकादशीनिमित्त गुरुजी पंढरपुरास असल्याने सराव नाही.

🔴 मंगळ. ११ व गुरु. १३ : वर्ग होतील, मात्र दोन पेट्या दुरुस्तीस जात आहेत. एकीचा भाता फाटला आहे आणि दुसरीचा मध्य सप्तकातील गंधार दाबला की वर येत नाही. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी या दोन दिवशी ती आणावी. रिक्षातून आणताना पेटी आडवी न ठेवता मांडीवर सरळ धरावी.

🔴 गुरु. २० : सभागृह लग्नासाठी दिले असल्याने दोन्ही वर्ग गुरुजींच्या टिळकवाडीतील घरी होतील. वेळ तीच राहील. गल्ली अरुंद आहे, म्हणून चारचाकी कोपऱ्यावरच थांबवावी.

🔴 रवि. २३ : सकाळी ८ ते ११, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेस बसणाऱ्यांची सराव परीक्षा. इतरांचा सराव त्या दिवशी नाही. प्रत्येकास भूप आणि दुर्गा लागोपाठ वाजवावे लागतील, कारण रे, प, ध दोन्हींत असल्यामुळे दुर्गा वाजवताना मध्यमाऐवजी भूपातला गंधार बोटाखाली येतो, ही चूक सध्या निम्म्या वर्गाकडून होत आहे. घरी आधी केवळ आरोह-अवरोह सावकाश घोटावेत. लय वाढवण्याची घाई पालकांनीही करू नये.

उरलेल्या सर्व दिवशी वर्ग नेहमीप्रमाणे होतील. परीक्षेची तारीख केंद्राकडून येताच स्वतंत्र संदेश दिला जाईल. कन्नड भाषेतील हेच वेळापत्रक लगेच खाली दिले आहे.

गैरहजेरी कळवायची असल्यास ती ग्रुपवर न लिहिता थेट माझ्याकडे कळवावी, म्हणजे हा संदेश वर शोधत बसावे लागणार नाही.

– वर्ग समन्वयक