कूलरबद्दल तुमच्याशी १० मिनिटं बोलायचं आहे

नमस्कार सुनीताताई,

मी रोहिणी, महालातल्या कूलरच्या कारखान्यातून. मार्चमध्ये मानेवाड्याला तुमच्याकडे पत्र्याचा कूलर बसवला, तेव्हा बाबांसोबत मीही आले होते. आता पाऊस लागला, कूलर झाकून ठेवायचे दिवस आले. एक अख्खा उन्हाळा तुम्ही तो वापरलात, म्हणून तुमच्याशी फोनवर १० मिनिटं बोलावं म्हणते.

खरं कारण नवतप्यातलं आहे. त्या आठवड्यात तुमचा पंप दोनदा बंद पडला, आणि दुसऱ्या वेळी आमचा माणूस पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरविना एक रात्र काढणं म्हणजे काय, हे आम्हाला घरचंच ठाऊक आहे. त्यात सासूबाई आजारी होत्या. पंपाच्या जाळीत पांढरा क्षार साचला होता. बोअरच्या पाण्याने तो साचतोच, पण टाकी किती दिवसांनी रिकामी करायची, जाळी कशी घासायची हे बसवतानाच सांगायला हवं होतं. ते राहिलं, ही चूक आमची.

दिवाळीनंतर नव्या कूलरचा पत्रा कापायला घेतो. तो कापला की पंपाची जागा, टाकीची खोली काही बदलता येत नाही. म्हणून तुमचं म्हणणं आत्ताच हवं आहे. दिवसाला किती बादल्या पाणी लागलं, बाजूंचा वाळा केव्हापासून कडक झाला, पंख्याच्या आवाजाने झोपमोड व्हायची का, एवढंच मी विचारीन. पण सुरुवात तुम्हाला जे खटकलं त्यापासून करू. तक्रार असली तर मोकळेपणी सांगा, मी लिहून घेईन.

तुमची सकाळची शाळा असते हे लक्षात ठेवून या वेळा काढल्यात:

गुरुवार, ३ जुलै – दुपारी ४ वाजता
शुक्रवार, ४ जुलै – संध्याकाळी ६:३० वाजता
शनिवार, ५ जुलै – दुपारी ३ किंवा रात्री ८ वाजता
सोमवार, ७ जुलै – रात्री ८:३० वाजता

रविवारी आषाढी एकादशी आहे, म्हणून तो दिवस सोडला. जमेल तो वार आणि वेळ याच मेसेजला उत्तर म्हणून पाठवा, फोन मीच करीन. १० मिनिटं झाली की मी स्वतःच थांबेन. नवा कूलर किंवा दुसरं काही विकायला हा फोन नाही. यातली एकही वेळ जमत नसेल तर तुमची सोयीची वेळ कळवा, किंवा सवडीने व्हॉइस मेसेज पाठवा, तोही मी नीट ऐकेन.

आणि कूलर झाकण्याआधी टाकीतलं पाणी पूर्ण काढून पंप कोरडा करून ठेवा. जमत नसेल तर सांगा, शनिवारी आमचा मुलगा मानेवाड्यालाच येणार आहे, तो करून देईल. त्याचे पैसे नाहीत.

सासूबाईंना नमस्कार सांगा. आता त्यांची तब्येत कशी आहे?

रोहिणी