खालच्या रानाचा ओघळ

वडील गेल्यावर वारसनोंद झाली, वाटण्या झाल्या आणि मीनलच्या वाट्याला खालचं रान आलं. कुणी हरकत घेतली नाही. माळशिरस तालुक्यातलं, नीरा उजव्या कालव्याच्या भिजाखालचं १ एकर १२ गुंठे रान एका पोरीला जातंय आणि भावकी गप्प बसते, यातच काय ते आलं. पावसाळ्यात तिथं पाणी तुंबायचं ते आठवडा-आठवडा गढूळच राहायचं. ऊन पडलं की वरचा थर फरशीसारखा टणक व्हायचा. वेड्या बाभळी तेवढ्या माजलेल्या.

"करणी हाय त्या रानावर," आजी म्हणायची. करणी कुणाची, तेही घरात ठरलेलं होतं. आजोबांचे, म्हणजे आबांचे, धाकटे भाऊ बापू, त्यांच्या घरची. १९६९ च्या वाटणीपासून दोन्ही घरांचं जेवणखाण बंद होतं.

तात्या चुलत्यांचं म्हणणं साधं होतं. "खारवट झालंय ते. मी दोनदा भरपूर पाणी सोडून बघितलं, काय फरक न्हाय. वीटभट्टीवाला मागतोय, देऊन टाक."

मीनल गावातल्या दूध डेअरीत हिशेब बघायची. दहा वर्षांचं रजिस्टर काढून कुणाचं दूध कधीपासून कमी झालं ते शोधायचं, हे तिचं रोजचंच काम. रानाचंही तसंच काढू म्हणून तिनं आधी जुने सातबारे मिळवले. स्कॅन केलेले काही संकेतस्थळावर सापडले, राहिलेल्यांच्या नकला तहसीलच्या अभिलेख कक्षातून आणल्या. गट नंबर टाकून १९६० च्या आधीचं काही निघेना. एकत्रीकरणात नंबर बदलले होते. गट २११ म्हणजे जुना सर्व्हे नंबर ८४, हे गटबुकात बघितल्यावर पुढची पानं हाती लागली.

सातव्या नमुन्यात मालकी, ती माहीतच होती. तिला हवा होता बारावा, पिकांचा. १९५८-५९ रब्बी ज्वारी. पुढच्या साली हरभरा. मग करडई, परत ज्वारी. १९६८ पर्यंत एक साल मोकळं नाही. पुढं पीक आक्रसत गेलेलं: पाऊण एकर, अर्धा एकर, दहा गुंठे. १९७४-७५ पासून नुसतं 'पड'. आणि आधीच्या सगळ्या पानांवर पोटखराब ६ गुंठे होतं, ते वाटणीनंतरच्या पानांवर नव्हतंच.

सहा गुंठे पोटखराब जमीन लागवडीची झाली आणि पाच-सहा वर्षांत सगळं रान पड पडलं. हिशेबात अशी गोष्ट दिसली की मीनलला झोप लागत नसे.

भूमी अभिलेख कार्यालयातून तिनं सर्व्हे ८४ च्या टिपणाची नक्कल काढली. पिवळ्या कागदावर रानाची आकृती, कडेनं साखळी-आण्यांची मापं, मधून वाकडीतिकडी दुहेरी रेघ आणि तिच्यावर मोडीत काहीतरी. शेजारच्या गावातल्या निवृत्त गुरुजींनी भिंग धरून वाचलं, "ओघळ". वायव्येच्या खुणेपासून ४ साखळ्या ८ आण्यांवर तो रानात शिरत होता. एक साखळी ३३ फूट, १६ आण्यांची. म्हणजे एकशे साडेअठ्ठेचाळीस फूट. मीनलनं टेप धरून तेवढं अंतर मोजलं. तिथं सपाट रान होतं, ओघळ कुठंच नव्हता.

माती परीक्षणाचा नमुनाही तिनं स्वतःच काढला. बांधाजवळची आणि झाडाखालची जागा सोडून, नागमोडी फिरत दहा ठिकाणी. प्रत्येक ठिकाणी खुरप्यानं इंग्रजी व्हीसारखा वीतभर खड्डा, आणि त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंतची माती घमेल्यात. ढेकळं फोडली, सावलीत वाळवली, गोल पसरून चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले, उरलेल्याचे परत चार. शेवटी अर्धा किलो राहिली ती कापडी पिशवीत.

अहवालात सामू ८.९, क्षारता १.१, सेंद्रिय कर्ब ०.३८. विनिमययोग्य सोडियम २२ टक्के. प्रयोगशाळेतल्या मॅडमनी क्षारतेच्या आकड्यावर पेन टेकवलं. "खारवट असती तर हा चारच्या वर गेला असता. ही चोपण आहे. सोडियमनं मातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, पाणी खाली उतरतच नाही. नुसतं पाणी सोडून काही होत नाही. जिप्सम लागेल, एकरी दोन टन. पण आधी मला सांगा, पाण्याला निघायला वाट आहे का? नसेल तर जिप्समचे पैसे वाया."

घरी आल्यावर मीनलनं टिपण आजीसमोर उलगडलं. आजी सुपात तांदूळ निवडत होती.

"आज्जे, हितं ओघळ हुता?"

"हुता की."

"मग गेला कुठं?"

"बुजवला. आबांनी केणी धरली, बैलं मी हाकली. सा गुंठं रान वाढलं. वाटणीत कमी आलं म्हणून घुमसत हुते ते."

"आणि वरच्या अंगाला ऊस कधी झाला?"

"तवाच. समद्यांनीच लावला."

वरच्या उसाचं पाणी पाझरून खाली यायचं, आणि त्याची वाट घरच्याच माणसांनी बुजवलेली. मीनल म्हणाली, "मग बापूआजोबांची करणी ती कुठली?" तांदूळ निवडून झाले नव्हते, तरी आजी सूप उचलून आत गेली.

ओघळ पुढं बापूंच्या हद्दीतून ओढ्याला मिळत होता. मीनल तिकडं गेली तेव्हा बापू ओसरीत बसले होते. त्यांनी आधी टिपण लांब धरून बघितलं.

"मी दादाला म्हणलो हुतो, पाणी कुठनं जाईल? दादा म्हणाला, माझ्या रानातलं मी बघून घेईन." कागद त्यांनी मांडीवर ठेवला. "माझ्याबी खालच्या कडंला दोन-तीन गुंठं उगवत न्हाय आता. चर काढ. पण बांधाच्या कडंनं, मधनं न्हाय. आणि जेसीबीचं डिझेल तुझं."

मे महिन्यात साडेतीन फूट खोल चर निघाला. सुटलेलं पाणी बघायला दोन्ही घरची पोरं जमली. आजी काही आली नाही. मग शेणखतात मिसळून जिप्सम, वरच्या थरात मिसळून घेतलं. पावसानं सोडियम धुतला जाऊन चरात उतरायला लागला. जूनमध्ये ताग-धैंचा यातला धैंचा पेरला, तो अशा रानात तग धरतो. फुलोऱ्यावर आला तसा गाडला. वास असा सुटला की तात्या तिकडून जाताना नाकाला उपरणं लावायचे.

सप्टेंबरच्या शेवटी मालदांडी पेरली. आग्नेयेच्या कोपऱ्यात चार गुंठे उगवलीच नाही. बाकी ठिकाणी विरळ का होईना, कणसं भरली. चार क्विंटल ज्वारी आणि कडबा. दुसऱ्या परीक्षणात सामू ८.५ आला.

"आता ऊस लाव," तात्या म्हणाले.

"मुळीच नाही."

पीक पाहणी तिनं मोबाईलवरच भरली. पावसाच्या तोंडावर बापूंचा नातू निरोप घेऊन आला. चरात लव्हाळा माजलाय, दरसाल उपसावा लागणार, मजुरी निम्मी-निम्मी. शिवाय गेल्या वर्षीच्या डिझेलचं बिल असेल तर दाखव, बापूंना त्यातलंही निम्मं द्यायचंय. मीनलनं फाइल काढली. बिल होतं.