बाईंचा निरोप : फोटो-स्लाइडचा आराखडा

शनिवार, 25 एप्रिल 2026, सकाळी 9:30. शाळेचा मोठा वर्ग. स्लाइड 30 मिनिटं, पुढं बाईंचं मनोगत.

आधी एक ठरवून घेऊ. भाषणं नकोत. फोटो पडद्यावर आला की त्या फोटोतलंच माणूस उठून काय घडलं ते सांगेल. "आदर्श, तपस्वी, ज्ञानाचा सागर" हे शब्द कुणीही वापरायचे नाहीत, बाईंना ते आवडत नाहीत. बासरीचं रडकं संगीतही नको. केंद्रप्रमुख साहेबांना दोन मिनिटं सुरुवातीलाच द्या. शेवटी दिली तर जेवण गार होईल.

स्लाइड 1. एक जून (2 मिनिटं)
बाईंचा सर्व्हिस बुकावरचा फोटो आणि खाली जन्मतारीख, 1 जून 1968. मग आपल्या स्टाफमधल्या आणखी तिघांचे फोटो, तारीख तीच! त्या काळी पोराला शाळेत घालताना गुरुजीच तारीख ठरवायचे, हे हेडसर सांगतील. एक तारखेचा जन्म, म्हणून 58 पूर्ण होताना निवृत्ती 31 मे ला. तेव्हा शाळेला सुट्टी असते, म्हणून आपण आजच जमलो. हशा इथंच होऊ द्या.

स्लाइड 2. पहिली शाळा, 1990 (3 मिनिटं)
शाहूवाडी तालुक्यातली दोनशिक्षकी शाळा, कौलारू, दारात बाई आणि पोरं. फोटो एकच आहे, तोही पुसट. मोठा करून फाटवू नका. त्या वेळचे जोडीदार गुरुजी येणार आहेत. त्यांना एवढंच विचारायचं : शेवटची एस. टी. चुकली की काय करायचा?

स्लाइड 3. तांदूळ (4 मिनिटं)
1995 नंतर पोषण आहारात महिन्याला पोरामागं 3 किलो तांदूळ मिळायचा, पण हजेरी 80 टक्के भरली तरच. फोटोत बाई वजनकाट्याजवळ, पुढं पिशव्या घेतलेल्या आया. ऊसतोडीच्या खोपटांवर जाऊन बाई पोरं कशी उठवून आणायच्या, हे फोटोत डावीकडून दुसरी उभी असलेली सांगेल. आज तिची नात आपल्या दुसरीत आहे. नातीला शेजारी उभं करा.

स्लाइड 4 ते 6. स्कॉलरशिपचे वर्ग (4 मिनिटं)
तीन ग्रुप फोटो भराभर. परीक्षा चौथीला होती तेव्हाचे दोन, पाचवीला गेल्यानंतरचा एक. माजी विद्यार्थिनींपैकी एकीनंच बोलायचं. सगळ्या उठल्या तर दुपार होईल.

स्लाइड 7 ते 10. ऑगस्ट 2019 चा पूर (10 मिनिटं)
हा भाग घाईत उरकायचा नाही.
7 : भिंतीवरची 2005 ची पूररेषा आणि तिच्या वर 2019 ची. नुसता फोटो, कुणी बोलायचं नाही.
8 : नावेत बाई, मांडीवर खताच्या पोत्यात गुंडाळलेलं जनरल रजिस्टर. नाव वल्हवणारे दादा बोलतील. त्यांनी मला सांगितलं ते असं : "मी म्हटलं, बाई, माणसं आधी. त्या म्हणाल्या, ह्यात माणसंच हायती." हे त्यांनी स्वतःच्याच शब्दांत सांगू दे, लिहून देऊ नका. लहान पोरांना कळावं म्हणून निवेदकानं एक वाक्य जोडायचं : शाळेचा दाखला, जन्मतारखेचा पुरावा, जातपडताळणीला लागणारी आजोबांची नोंद, सगळं त्या रजिस्टरात असतं.
9 : पाणी ओसरल्यावर व्हरांड्यात दोरीवर वाळत घातलेली पुस्तकं.
10 : आज तेच रजिस्टर, कडेला चिखलाचा डाग. खरं रजिस्टर हेडसरांच्या ताब्यात टेबलावर ठेवायचं. ज्याला आपलं नाव बघायचंय त्यानं कार्यक्रमानंतर बघावं.

स्लाइड 11. कोरोनातला आवाज (2 मिनिटं)
काळा पडदा आणि बाईंनी व्हॉट्सॲपवर पाठवलेला पाढ्यांचा आवाज. सतराच्या पाढ्यात मागं कोंबडा आरवतो. तो कापू नका.

स्लाइड 12. चौथीच्या पोरांची चित्रं (5 मिनिटं)
"बाई वर्गात नसतात तेव्हा काय करत असतील?" या विषयावर काढलेली. एकानं बाईंना ट्रॅक्टर चालवताना दाखवलंय. प्रत्येक पोर आपल्या चित्रावर एक वाक्य बोलेल. वेळ वाढला तरी चालेल.

मग पडदा बंद, खिडक्या उघडा, शाल-श्रीफळ, बाईंच्या यजमानांचाही सत्कार. त्यानंतर बाई बोलतील, त्यांना वेळेची चिठ्ठी पाठवायची नाही.

तयारी
प्रोजेक्टर हायस्कूलचा, शुक्रवारी संध्याकाळी लावून बघायचा. पत्र्याखाली उजेड फार येतो, म्हणून पूर्वेच्या खिडक्यांना सोलापुरी चादरी. सगळं दोन पेनड्राइव्हवर, नेटवर काही ठेवायचं नाही. लाइट गेली तर ग्रामपंचायतीचा इन्व्हर्टर, सरपंचांशी बोलणं झालंय. फोटोंचे मूळ कागद ज्याचे त्याला त्याच दिवशी परत, मागं पेन्सिलीनं नावं लिहिली आहेत.

जेवण मसालेभात, जिलेबी, मठ्ठा. खिचडी शिजवणाऱ्या मावशी त्या दिवशी पहिल्या पंगतीला बसतील, वाढायला सगळा स्टाफ.