सकाळची वाळू, दुपारची वाळू: पंप केसिंगमधले ब्लो होल
अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी, कोल्हापूर. विभागीय सेमिनार, वेळ १० मिनिटं

रूपरेषा

मूळ अहवाल ४६ पानांचा. त्यातली कंपनीची ओळख, सुरक्षा नियम, भट्टीचं वर्णन आणि १२ पानांची दैनंदिनी भाषणात नाही. प्रकरण ४ मध्ये दोषांची मोजणी होती आणि प्रकरण ५ मध्ये वाळूच्या चाचण्या. अहवालात ती लागोपाठ असूनही एकमेकांशी बोलत नव्हती. भाषण उभं आहे ते दोन्ही एकाच तक्त्यात आणण्यावर.

०:०० कापलेलं केसिंग दाखवणं, प्रश्न मांडणं
१:०० हिरव्या वाळूत काय असतं
२:०० पाण्याची वाफ आणि ब्लो होल
३:३० सकाळ-दुपारचा तक्ता (सर्वांत जास्त वेळ इथे)
७:०० उपाय
९:०० या निरीक्षणाच्या मर्यादा

स्लाइड पाच. टेबलावर कापलेलं केसिंग आणि पिशवीत मूठभर वाळू. तक्ता स्लाइडवर आणि हँडआउटवर अगदी सारखाच. हँडआउट सुरुवातीला न वाटता ३:३० ला वाटायचं, नाहीतर सगळे पहिली तीन मिनिटं कागद वाचत बसतात.

भाषण

सर, मॅडम आणि मित्रांनो, हे पंपाचं केसिंग आहे. वजन साधारण १४ किलो, माल करडं बीड, एफजी २६०. बाहेरून पाहिलं तर चांगलं. मशिनिंगला लावलं, वरच्या फ्लॅंजवरून दोन मिलिमीटर काढले आणि ही भोकं उघडी पडली. आतून गुळगुळीत, चकचकीत, वाटाण्याएवढी. हा ब्लो होल. वितळवणं, ओतणं, साफसफाई, मशिनिंग, सगळा खर्च झाल्यावर तो दिसतो, म्हणून तो महाग पडतो.

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत सहा आठवड्यांच्या इंटर्नशिपमध्ये याच केसिंगची मोजणी केली. प्रश्न एकच होता: एकाच पॅटर्नवर, एकाच भट्टीच्या मालातून, दुपारी ब्लो होल जास्त का पडतात?

(१:००) आधी वाळू. तिला हिरवी म्हणतात ती रंगामुळे नाही, ती ओली असते म्हणून. मुख्य भाग सिलिका वाळू. तिला धरून ठेवायला बेंटोनाइट, साधारण ६ ते १० टक्के. पाणी ३ ते ४ टक्के. आणि कास्टिंगचा पृष्ठभाग स्वच्छ निघावा म्हणून थोडी कोळशाची पूड. पाणी नसेल तर बेंटोनाइट चिकटत नाही, म्हणून पाणी काढून टाकता येत नाही. ते मापात ठेवायचं, एवढंच हातात आहे.

(२:००) आता ही मूठ दाबून बघा. (वाळूची पिशवी पुढच्या बाकावर द्यावी.) यात १,३८० अंशांचा धातू ओतला की धातूला लागून असलेल्या थरातलं पाणी क्षणात वाफ होतं. एक ग्रॅम पाण्याची १०० अंशांवरच सुमारे १.७ लिटर वाफ होते. साच्यातलं सगळं पाणी एकदम उडत नाही, फक्त धातूलगतचा थर. पण त्या थरातलं २० ग्रॅम पाणी उडालं तरी ३४ लिटर वाफ झाली. ती वाळूच्या कणांमधल्या फटींतून आणि व्हेंटमधून बाहेर पडली तर ठीक. वाट अपुरी पडली आणि वाफेचा दाब धातूच्या दाबापेक्षा जास्त झाला, तर ती धातूत शिरते. वर चढते आणि वरच्या पेटीकडच्या पृष्ठभागाखाली अडकते. म्हणून भोकं फ्लॅंजवर सापडतात, तळाशी नाही.

म्हणजे उत्तर सोपं वाटतं: दुपारी वाळूत पाणी जास्त. पण मिक्सरपाशी मोजलं तर सकाळी ३.६ टक्के आणि दुपारीही ३.६ टक्के. आकडा तोच.

(३:३०, हँडआउट वाटावं.) तक्त्यात तिसरी ओळ बघा, वाळूचं तापमान. सकाळी ३४ अंश. दुपारी ५८. सकाळची वाळू रात्रभर पडून थंड झालेली असते. दुपारची वाळू तासाभरापूर्वी कास्टिंगभोवती होती. नॉकआऊट झाला, चाळली गेली आणि थंड व्हायला वेळ न मिळता परत मिक्सरमध्ये आली. वाळू ५० अंशांच्या पुढे गेली की तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

चौथी ओळ. हाच नमुना मिक्सरपाशी न घेता मोल्डिंग बॉक्सपाशी घेतला. सकाळी ३.४, दुपारी २.७. मिक्सरपासून बॉक्सपर्यंत बेल्टवरून जाताना आणि वरच्या हॉपरमध्ये थांबताना गरम वाळूतलं जवळजवळ एक टक्का पाणी उडून गेलं. मीटर बरोबर होता, तो चुकीच्या जागी लावलेला होता.

इथे कोणीही विचारेल, आणि विचारावंच: पाणी कमी झालं तर ब्लो होल कमी व्हायला हवेत. वाढले कसे?

याचं उत्तर पाचव्या ओळीत आहे. वाळू कोरडी पडली की साच्याची कड ढासळते. मोल्डर हातात दाबून बघतो, गोळा फुटतो, आणि तो मिक्सरवाल्याला सांगतो, "पाणी वाढव." मिक्सरवाला वाढवतो. त्या वाढीव घाण्यात मिक्सरपाशी ४.३ टक्के. आता हॉपर भरलेला असेल तर ही वाळू तिथे थांबते आणि कोरडी होते. पण हॉपर रिकामा असेल तर ती थेट, ओलीच, बॉक्समध्ये पडते. एकाच दुपारी एक साचा २.७ वर आणि दुसरा ४.३ च्या जवळ. शिवाय गरम वाळूतली वाफ थंड धातूच्या पॅटर्नवर जाऊन पाणी होते. म्हणजे धातू ज्या पृष्ठभागाला भिडणार, नेमका तोच ओला.

म्हणून शेवटच्या दोन ओळी एकत्र वाचा. १२ दिवसांत सकाळची १२० आणि दुपारची १२० केसिंग मोजली. ब्लो होल सकाळी ४, दुपारी १३. वाळूचे कण अडकलेली कास्टिंग सकाळी १, दुपारी ६. अहवालात हे दोन वेगळे दोष म्हणून वेगळ्या पानांवर आहेत. कारण मात्र एकच आहे: कोरड्या घाण्यातून वाळू सुटते, ओल्या घाण्यातून वाफ येते. दुपारची वाळू ओली असते असं म्हणणं चुकीचं आहे, ती अस्थिर असते.

दुपारच्या १३ पैकी ११ भोकं वरच्या पृष्ठभागाला होती. दोन कोअरच्या बाजूला होती, ती कोअरच्या गॅसची असू शकतात, म्हणून ती वाळूच्या खात्यावर टाकलेली नाहीत.

(७:००) उपाय. सगळ्यात आधी पाणी वाढवणं थांबवायचं आणि वाळू थंड करायची. नॉकआऊटनंतर बेल्टवरच गरम वाळूवर पाणी फवारायचं, वाळू उलटीपालटी करायची, वर हवा सोडायची. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. वाळूच्या वजनाच्या एक टक्का पाणी उडालं तर वाळू साधारण २५ अंशांनी उतरते. आपल्या ५८ अंशांच्या वाळूला तेवढं पुरेसं आहे. हवा सोडली नाही तर मात्र पाणी तसंच राहतं आणि वाळू गरमही राहते, ओलीही. हा उपाय फसतो तो बहुतेक इथेच.

नवी यंत्रं घ्यायची नसतील तर फिरतीत वाळू वाढवायची, म्हणजे प्रत्येक घाण्याला थांबायला वेळ मिळतो. मिक्सरमध्ये आधी पाणी, मग बेंटोनाइट. आणि घाई करून मळायचं नाही. कमी मळलेल्या वाळूत पाणी असतं, पण ते बेंटोनाइटला लागलेलं नसतं. हाताला ती कोरडी लागते आणि पुन्हा पाणी वाढतं.

मोजमाप बॉक्सपाशी, दर तासाला, आणि प्रत्येक नोंदीत ओलाव्याशेजारी तापमान. त्या फौंड्रीच्या नोंदवहीत तापमानाचा रकाना नव्हता. एक रकाना आणि एक थर्मामीटर, एवढ्यावर सुरुवात होते.

(९:००) मर्यादा स्पष्ट सांगायला हव्यात. एकच पार्ट, १२ दिवस, आणि तेही जुलैमधले, जेव्हा कोल्हापुरात हवाच ओली असते. ओतण्याचं तापमान १,३६० ते १,४०० च्या दरम्यान हललं, ते स्थिर ठेवता आलं नाही. उपाय सुचवले, पण इंटर्नशिप संपेपर्यंत बेल्टवरची फवारणी बसलेली नव्हती, त्यामुळे "उपायानंतर" असा रकाना तक्त्यात नाही. तो एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत भरला तर तुलना पक्की होईल. प्रश्न विचारा.

हँडआउट (एक पान, पाठपोट)

पुढची बाजू:

| | सकाळ | दुपार |
|---|---|---|
| मोजलेली केसिंग | १२० | १२० |
| मिक्सरपाशी ओलावा, % | ३.६ | ३.६ |
| वाळूचं तापमान, °से. | ३४ | ५८ |
| बॉक्सपाशी ओलावा, % | ३.४ | २.७ |
| तक्रारीनंतरच्या घाण्यात, मिक्सरपाशी, % | तक्रार नाही | ४.३ |
| ब्लो होल | ४ | १३ |
| वाळू अडकलेली | १ | ६ |

ओलावा आणि तापमान सरासरी, दोष प्रत्यक्ष नग.

मागची बाजू:

ओलावा, ओव्हन पद्धत. ५० ग्रॅम वाळू नेमकी तोलावी. नमुना झाकणाच्या डबीतून आणावा, उघडा आणला तर वाटेतच पाणी उडतं. १०५ ते ११० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवावी. ५० चे ४८.२ झाले तर घट १.८ ग्रॅम, ओलावा ३.६ टक्के. कार्बाइडच्या मीटरवर उत्तर काही मिनिटांत मिळतं, पण भांड्याचं झाकण नीट बसलं नाही तर ॲसिटिलीन गळतो आणि आकडा कमी दिसतो.

कॉम्पॅक्टेबिलिटी. नळीत १२० मिलिमीटर उंचीपर्यंत चाळलेली वाळू, वर तीन ठोके. उंची ७२ वर आली तर (१२० − ७२) ÷ १२० = ४० टक्के. मोल्डरच्या मुठीचा अंदाज या आकड्याशी सर्वांत जवळ जातो, म्हणून पाणी वाढवण्याआधी ही चाचणी करावी.

भोक कुठलं ते ओळखणं. वरच्या पृष्ठभागाखाली, गुळगुळीत, गोल: साच्यातली वाफ किंवा अडकलेली हवा. फक्त कोअरच्या बाजूला: कोअरचा गॅस, कोअर ओला किंवा कोअरचा व्हेंट बुजलेला. जाड भागाच्या मध्ये, खडबडीत, फांद्यांसारखं: ते आकुंचन आहे, तिथे राइजर बघावा, वाळू नाही.